चारही मंगळवार अडलेले

2025 सालच्या श्रावणात मंगळवार चार आले आणि त्यातला एकही मोकळा नव्हता. 29 जुलैला नागपंचमी, 5 ऑगस्टला पुत्रदा एकादशी, 12 ऑगस्टला अंगारकी संकष्टी आणि 19 ऑगस्टला अजा एकादशी. मंगळागौर तर मंगळवारीच असते. ज्या घरात नव्या नवरीची पहिली मंगळागौर होती, त्या घराने तीस-चाळीस बायकांना जेवायला बोलवायचं कधी आणि त्यांच्या पानात वाढायचं काय, हा त्या महिन्याचा सगळ्यात अवघड प्रश्न होता. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चारही तारखा ठळक छापलेल्या होत्या, पण त्यांच्याकडे नुसतं बघून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

मी डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते. दर महिना सुरू व्हायच्या आधी मी त्या महिन्याचा तक्ता करते. एक प्रत ओट्याशेजारच्या भिंतीवर लागते, बाकीच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना देते. त्यात चार रकाने असतात : तारीख आणि वार, तिथी आणि सण, उपासाचा नियम, घरची तयारी. इतर महिन्यांचा तक्ता एका बैठकीत होतो. श्रावणाचा मात्र दिव्यांच्या अमावास्येच्या बराच आधी हाती घ्यावा लागतो, कारण या महिन्यात तिथींचे सण आणि वारांची व्रतं एकमेकांवर येऊन पडतात. सोमवारी शिवामूठ, मंगळवारी मंगळागौर, शुक्रवारी जिवती, शनिवारी मारुती आणि नरसिंह. यांना तिथीशी देणंघेणं नाही, वार आला की व्रत आलं. तिथी मात्र चंद्राच्या चालीने सरकतात. त्यामुळे कोणत्या साली कशावर काय येईल हे आधीच्या वर्षीचा तक्ता बघून कळत नाही. दरवर्षी नव्याने मांडावं लागतं.

मी पंचांग घेऊन बसते तेव्हा आधी एक गोष्ट तपासते. हल्ली फोनवर फिरत आलेले तक्ते गिऱ्हाइकं मला दाखवतात आणि विचारतात, 'ताई, श्रावण तर 11 जुलैलाच लागला ना?' तो उत्तरेकडचा तक्ता असतो. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांचा सावन 11 जुलैला सुरू होऊन 9 ऑगस्टच्या पौर्णिमेला संपला, आणि आपला श्रावण 25 जुलैला लागून 23 ऑगस्टपर्यंत चालला. सण त्याच दिवशी येतात, फक्त महिन्याचं नाव बदलतं. सोमवार मात्र बदलतात. त्यांचे 14, 21, 28 जुलै आणि 4 ऑगस्ट. आपले 28 जुलै, 4, 11 आणि 18 ऑगस्ट. तक्ता कुठला आहे हे ओळखायची माझी खूण सोपी आहे. राखी महिन्याच्या शेवटच्या दिवशी दिसली तर तो उत्तरेचा, मध्यावर दिसली तर आपला.

यानंतर खरं काम सुरू होतं. पंचांगात प्रत्येक दिवसासमोर एक तिथी लिहिलेली असते. ती सूर्योदयाला चालू असलेली तिथी. बहुतेकांना वाटतं की तीच बघून सण ठरतो. तसं नाही. प्रत्येक व्रताची स्वतःची एक वेळ असते आणि त्या वेळेला ती तिथी हजर असावी लागते. आमच्या भागातले गुरुजी याला कर्मकाळ म्हणतात. एकादशी सूर्योदयाची बघतात, संकष्टी चंद्रोदयाची, गोकुळाष्टमी मध्यरात्रीची, पिठोरी प्रदोषाची, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळेची.

त्या महिन्यातली संकष्टीच घ्या. 12 ऑगस्टला सूर्योदयाला तृतीया होती. चतुर्थी लागली सकाळी 8 वाजून 40 मिनिटांनी आणि संपली 13 तारखेला सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी. मुंबईकडे तेव्हा सूर्य सव्वासहानंतर उगवतो, त्यामुळे 13 तारखेच्या चौकटीत 'चतुर्थी' छापलं गेलं. पण 13 ला चंद्र उगवला तेव्हा चतुर्थी कधीच सरलेली होती. नुसती चौकट वाचणारा माणूस बुधवारी उपास धरील आणि अंगारकी त्याच्या हातून जाईल. म्हणून माझ्या तक्त्यात 13 तारखेसमोर मी लिहिलं होतं : 'चतुर्थी दिसते, पण संकष्टी काल झाली.' अशी नकाराची ओळ छापील दिनदर्शिकेत नसते, तिथे तेवढी जागाच नसते. घरच्या तक्त्यात ती हवी, कारण लोक नेमके तिथेच अडखळतात.

गोकुळाष्टमीचंही तसंच. 15 ऑगस्टला दिवसभर सप्तमी होती. अष्टमी लागली रात्री 11 वाजून 49 मिनिटांनी, मध्यरात्रीच्या जेमतेम आधी. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमाराला ती संपली, म्हणजे 16 च्या मध्यरात्रीला अष्टमी उरलीच नाही. म्हणून आपल्याकडे कृष्णजन्म 15 ला आणि गोपाळकाला, दहीहंडी 16 ला. सूर्योदयाची अष्टमी धरणाऱ्या कृष्णमंदिरांत तोच उत्सव 16 ला झाला. आमच्या इमारतीत दोन्ही प्रकारची घरं आहेत. उपासाच्या थाळीची मागणी दोन्ही दिवशी येणार, हे तक्ता मांडतानाच मला कळलेलं असतं. एकाचं बरोबर आणि दुसऱ्याचं चूक असं मी कुणाला सांगत नाही. दोन्ही नोंदी लिहिते आणि पुढे 'घरच्या रीतीप्रमाणे' असं घालते.

नारळी पौर्णिमा आणि राखी यांची तर त्या वर्षी फारकतच झाली. पौर्णिमा 8 ऑगस्टला, शुक्रवारी दुपारी 2 वाजून 12 मिनिटांनी लागली आणि शनिवारी दुपारी 1 वाजून 24 मिनिटांनी संपली. नारळी पौर्णिमा शुक्रवारी झाली. पण शुक्रवारी पौर्णिमा लागताच भद्राही लागली, ती मध्यरात्र उलटून गेल्यावरच संपली, आणि भद्रेत राखी बांधत नाहीत. म्हणून राखी शनिवारी. घरोघरी नारळीभात राखीच्या पानात असतो, तेव्हा तो कुठल्या दिवशी करायचा, हा प्रश्न मला किती जणींनी विचारला असेल! मी तक्त्यात नारळीभात शुक्रवारी लिहिला. त्याला कारण होतं. शुक्रवार म्हणजे जिवती, पुरणाचा नैवेद्य ठरलेला; गूळ, वेलदोडा, जायफळ ओट्यावर काढलेलं असतंच. एक वाटी तांदूळ, एक वाटी खोवलेला नारळ आणि जवळजवळ तेवढाच गूळ. पुरण शिजत असताना दुसऱ्या शेगडीवर भात होऊन जातो. शनिवारी भाऊ येणार, बहिणी प्रवासात असणार, तेव्हा ओट्यापाशी कमीत कमी वेळ जावा.

हा चौथा रकाना, घरच्या तयारीचा, माझ्या दृष्टीने तक्त्याचा जीव आहे. सण कधी आहे हे कुठेही छापलेलं मिळतं. तयारी कधी सुरू करायची ते मिळत नाही, आणि ती नेहमी उलटी मोजावी लागते : ताट कधी वाढायचं ते आधी ठरवायचं, मग तिथून मागे यायचं. साबुदाणा धुवून, तो जेमतेम बुडेल इतकंच पाणी ठेवून पाच-सहा तास भिजवावा लागतो. म्हणजे सकाळी आठला खिचडीचे डबे जायचे असतील तर आदल्या रात्रीच्या ओळीत 'साबुदाणा भिजवणे' आलं पाहिजे, सणाच्या दिवसाच्या ओळीत नाही. श्रावणात हवा दमट असते, त्यामुळे नेहमीपेक्षा पाणी थोडं कमीच ठेवायचं. दाणा दोन बोटांत दाबला की मऊ व्हावा, पण चिकटू नये. चिकटला तर खिचडीचा गोळा होणार हे तेव्हाच समजावं आणि त्याचे वडे करावेत. नारळांचंही असंच. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात भाव चढतात म्हणून आधी आणून ठेवायचे, पण शेंडीसकट. शेंडी काढलेला नारळ या हवेत डोळ्यांपाशी बुरशी धरतो.

तिसरा रकाना उपासाच्या नियमाचा. इथे मी 'उपास' एवढंच लिहून थांबत नाही, उपास सुटतो कधी ते लिहिते, कारण स्वयंपाकघराला तेच लागतं. श्रावणी सोमवार संध्याकाळी सुटतो, सूर्यास्तानंतर जेवण. संकष्टी चंद्र पाहून. एकादशी दुसऱ्या दिवशी सकाळी, द्वादशी असेतोवर. गोकुळाष्टमी कुणाकडे मध्यरात्री जन्म झाल्यावर सुंठवडा घेऊन, तर कुणाकडे दुसऱ्या दिवशी काल्याने. नागचतुर्थीला भावासाठी केलेला उपास बहुतेक बायका नागपंचमीच्या पूजेनंतर सोडतात. 'उपास' या एकाच शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या घड्या असतात, आणि त्या एकावर एक आल्या की घोटाळा होतो.

28 जुलैला तो झालाच. पहिला श्रावणी सोमवार, विनायकी चतुर्थी आणि भावाचा उपास, तिन्ही एका दिवशी. शेजारच्या काकूंचा विनायकीचा उपास दुसऱ्या दिवशी सुटतो, सोमवार मात्र संध्याकाळी सोडायचा असतो. संध्याकाळी जेवल्या तर विनायकी मोडते, न जेवल्या तर सोमवार सुटत नाही. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, 'पान वाढून देवाला नैवेद्य दाखवा, अन्नाचा वास घ्या आणि पान गाईला घाला. अवघ्राणाने सोमवार सुटला. फराळ विनायकीचा.' काकूंच्या तोंडावरची काळजी लगेच गेली. मी त्या ओळीत 'दोन्ही उपास असल्यास अवघ्राण' असं लिहून घेतलं, कारण काकूंसारख्या आणखी काही जणी माझ्या गिऱ्हाइकांत आहेत. काकूंना संध्याकाळी एकच पान हवं होतं, तेही नैवेद्याचं; ते मी घरच्या भांड्यातून वाढून दिलं.

शिवामुठीची ओळ सोपी असते. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव. पाचवा सोमवार आला तर सातू, पण त्या वर्षी तो आलाच नाही. जव सगळ्या दुकानांत मिळत नाहीत, ते पहिल्याच आठवड्यात आणून ठेवले की झालं.

आता मंगळागौर. पहिली मंगळागौर असलेल्या एका मुलीची आई जुलैच्या सुरुवातीला माझ्याकडे आली. सोसायटीचं सभागृह मिळेल त्या मंगळवारी करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, 'वहिनी, सभागृहाचं नंतर बघू. आधी हे चार मंगळवार एकदा समोर मांडू.' तक्त्याचा कच्चा कागद दोघींच्या मध्ये ठेवला आणि एकेक ओळ बघत गेलो.

29 जुलै, नागपंचमी. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, तळायचं नाही, अशी रीत आहे. उकडलेलं चालतं, म्हणून पुरणाचे दिंड करतात; कणकेच्या पातळ पारीत पुरण घालून चौकोनी घडी घालायची आणि वाफवायची. कोकण-गोव्याकडे हळदीच्या पानातल्या पातोळ्या करतात. घरच्या पाच माणसांसाठी हे सुंदर जेवण आहे. पण मंगळागौरीच्या रात्री खेळ खेळून दमलेल्या बायकांना भाजणीचे वडे, मटकीची उसळ, करंज्या हव्या असतात. वडे तळल्याशिवाय होत नाहीत. कांदा-लसूण श्रावणात तसाही बाजूला असतो, पण मिरची-कोथिंबीरही चिरायची नाही म्हटल्यावर चाळीस पानांचा स्वयंपाक कसा उभा करणार? शिवाय दिंड गरम असतानाच खायचे असतात. गार झाले की पारी चामट होते. इतक्या पानांसाठी ते एका वेळी वाफवायला माझ्याकडे तेवढी मोदकपात्रं नाहीत.

5 ऑगस्ट आणि 19 ऑगस्ट, दोन्ही एकादश्या. एकादशीचा उपास त्याच दिवशी सुटत नाही. म्हणजे एकादशी करणाऱ्या बायका दुपारी फराळ, रात्री फराळ आणि जागरण करून दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणार. त्यांच्या बरोबरीने उपास नसलेल्या बायकांना वेगळं जेवण. दोन पंक्ती, दोन स्वयंपाक, दोन वेळा. त्यात काही घरांत एकादशीला वरईचे तांदूळही चालत नाहीत, मग साबुदाणा, राजगिरा, रताळी आणि बटाटा एवढ्यावरच सगळं निभवावं लागतं. खेळणाऱ्या बायकांना एवढं पुरत नाही.

राहिली 12 ऑगस्ट, अंगारकी. हा मंगळवार ऐकल्याबरोबर वहिनी म्हणाल्या, 'अंगारकीला तर सगळ्याच उपाशी असतात!' खरं आहे, एरवी संकष्टी न करणाऱ्याही अंगारकी करतात. पण तिचा उपास त्याच रात्री सुटतो. चंद्रोदय रात्री नऊ वाजून गेल्यावर होता. मंगळागौरीची पूजा सकाळी होते, खेळ रंगतात रात्री. आठला आरती, नऊपर्यंत फुगड्या-झिम्मा, चंद्र दिसला की सगळ्यांनी एकाच पंक्तीत पूर्ण जेवायचं, आणि मग पुन्हा जागरणाला बसायचं. चारांपैकी हा एकच मंगळवार असा होता की उपास असलेल्या आणि नसलेल्या बायकांचं जेवण एका वेळी आणि एकाच पदार्थांचं होऊ शकत होतं. नैवेद्याला मोदक होतेच, ते गौरीलाही आणि गणपतीलाही.

त्यांना हे पटलं. अडचण एकच उरली. व्रताच्या वशेळ्या दुपारी मौन धरून जेवतात आणि अंगारकीचा उपास असेल तर त्या दुपारी जेवणार कशा? पुन्हा गुरुजी. त्यांनी सांगितलं की नव्या मुलींनी मंगळागौर हे मुख्य व्रत धरावं, आणि ज्यांची संकष्टी चालू असेल त्यांनी दुपारच्या पानाला फराळाचे पदार्थ घेऊन मौन पाळावं. तेवढ्यापुरती पाच पानं वेगळी काढली. वरईचा भात, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याची पुरी.

मला मात्र ही तारीख जड होती, कारण अंगारकीच्या रात्री केंद्रात मोदकांची मागणी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसांपैकी एक असते, आणि आदल्या दिवशी श्रावणी सोमवारचे संध्याकाळचे डबे असतात. तेव्हा चौथा रकाना पुन्हा मागे मोजत लिहिला. शनिवारी राखी उरकली की संध्याकाळी भाजणी दळून आणायची. रविवारी मटकी भिजत घालायची आणि सोमवारी सकाळी फडक्यात बांधायची. या हवेत ती दिवसभरात मोड धरते, जास्त ठेवली तर वास येतो. सोमवारी दुपारी करंज्या तळून झाकायच्या नाहीत, आधी पूर्ण गार होऊ द्यायच्या, नाहीतर सकाळपर्यंत मऊ पडतात. मंगळवारी सकाळी नारळ खोवून सारण, दुपारी तीननंतर उकड. एका वाटी पिठीला दहा-अकरा मोदक होतात, त्या हिशेबाने पिठी मोजून ठेवली आणि उकड दोन खेपांत काढायची ठरवली, कारण गार झालेल्या उकडीला कळ्या पडत नाहीत, चिरा जातात. मदतीच्या बाईंना त्या दिवशी दुपारी बारानंतर बोलावलं. सकाळी येऊन त्या रात्रीपर्यंत उभ्या राहिल्या असत्या तर नऊ वाजता हात चालले नसते.

त्या रात्री आभाळ भरून होतं. ऑगस्टात चंद्र दिसेलच असं नाही, म्हणून चंद्रोदयाची वेळ पंचांगातून घेऊन मी आधीच तक्त्यात लिहिलेली होती. ती वेळ झाल्यावर दिशेकडे बघून अर्घ्य दिलं आणि पानं वाढली. ही वेळ गावागणिक बदलते, तेव्हा नागपूरच्या बहिणीला माझा तक्ता तसाच चालत नाही. तिथी लागण्या-संपण्याची वेळ भारतभर एकच, पण सूर्य-चंद्र उगवण्याची वेळ तिला तिच्या गावची घालावी लागते. परदेशातल्या भाचीला तर तिथीच्या वेळाही तिकडच्या घड्याळात बदलून घ्याव्या लागतात. 15 ऑगस्टच्या रात्री पावणेबाराला आपल्याकडे अष्टमी लागली, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेच्या दुपारचे सव्वादोन वाजून गेले होते.

अंगारकीनंतरच्या आठवड्यातल्या ओळी मी जरा मोकळ्या ठेवते. 22 ऑगस्टला पिठोरी, पोळा आणि पाचवा शुक्रवार एकत्र आले होते. अमावास्या दुपारी बाराच्या सुमारास लागली आणि संध्याकाळी होती, म्हणून पिठोरी शुक्रवारीच. 23 च्या चौकटीतही अमावास्या छापलेली असल्यामुळे तिथे पुन्हा एक नकाराची ओळ घातली. खीर-पुरी पिठोरीच्या पूजेला लागते आणि पुरणाचा नैवेद्य जिवतीलाही चालतो, पोळ्यालाही, त्यामुळे स्वयंपाक वाढला नाही. मातीचे बैल कुंभाराकडे आदल्या आठवड्यातच सांगून ठेवले होते.

पण त्या मोकळ्या ओळींत पेन्सिलीने एक नोंद असते, ती श्रावणाची नसतेच. 26 ला हरितालिका आणि 27 ला गणेश चतुर्थी. मोदकांच्या पिठीचे तांदूळ धुवून सावलीत कापडावर वाळवायला हवेत आणि श्रावणात कोरडा दिवस कधी मिळेल याचा नेम नसतो. त्यामुळे 16 ते 21 ऑगस्ट या सगळ्या ओळींत मी एकच वाक्य लिहिते : 'उघडीप असेल तर तांदूळ धुणे.' ज्या दिवशी ते काम होतं त्या दिवशी पुढच्या ओळींतलं वाक्य खोडायचं. 2025 मध्ये ते 20 तारखेपर्यंत खोडता आलं नाही. शेवटी तांदूळ घरात पंख्याखाली दोन रात्री पसरून वाळवले, मुठीत दाबल्यावर दाणे हाताला चिकटत नाहीत असं बघितलं, आणि पिठोरीच्या सकाळी गिरणीत दिले.